इनॉक्युलम, ॲजिटेशन, डिझॉल्व्ह्ड ऑक्सिजन: फर्मेंटरची परिभाषा मराठीत आणताना

फर्मेंटर चालवण्याच्या एका इंग्रजी पुस्तिकेतला परिच्छेद मी विद्यार्थ्यांसाठी पहिल्यांदा मराठीत आणला, तो असा होता: «५% आकाराच्या निवेशद्रव्याने माध्यमाचे निवेशन करावे. आंदोलन ३०० ते ९०० आरपीएम व वातन १ व्हीव्हीएम ठेवून विद्राव्य ऑक्सिजन ३०% वर राखावा.»

व्याकरणात चूक नाही, बहुतेक शब्द कोशांत सापडतील असे. तरीही हा कागद हातात घेऊन कोणी फर्मेंटर चालवू शकणार नाही. ५% कशाचे? कशाचा आकार? आंदोलन कोण करणार? ३०% म्हणजे कशातले तीस? आणि «३०% वर» म्हणजे बरोबर तीसवर की तीसच्या वर? या शेवटच्या प्रश्नाचा दोष मूळ इंग्रजीकडे नाही. तो मराठीत आणताना मी तयार केला.

हा एकच परिच्छेद नीट मराठीत कसा आणायचा, ते पायरीपायरीने सांगतो. त्यातल्या तीन संज्ञा मुद्दाम निवडल्या आहेत, कारण त्या तीन वेगळ्या जातींच्या आहेत. इनॉक्युलम हा पदार्थ आहे, ॲजिटेशन ही क्रिया आहे आणि डिझॉल्व्ह्ड ऑक्सिजन हे फर्मेंटरच्या स्क्रीनवर दिसणारे मोजमाप आहे. इंग्रजीत तिन्ही नामेच असल्याने आपण तिन्हींसाठी एकेक संस्कृत नाम शोधत बसतो, आणि बहुतेक घोटाळे तिथेच सुरू होतात.

पहिली पायरी: कोश उघडण्याआधी एक साधे वाक्य

प्रत्येक संज्ञेसाठी, ती संज्ञा न वापरता, एक मराठी वाक्य लिहायचे. फर्मेंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला सांगतो आहोत अशा थाटात. इनॉक्युलमसाठी माझे वाक्य असे झाले: «फ्लास्कमध्ये आधी वाढवलेल्या जिवंत जंतूंपैकी जेवढा भाग आपण फर्मेंटरमधल्या ताज्या पोषकद्रवात ओततो, तो भाग.» ॲजिटेशनसाठी: «मोटरला जोडलेल्या दांड्यावरची पाती फिरवून टाकीतला द्रव ढवळणे.» तिसऱ्यासाठी: «हवेने पूर्ण भरून घेतलेल्या द्रवात जेवढा ऑक्सिजन विरघळतो, त्याच्या किती टक्के आत्ता द्रवात आहे, तो आकडा.»

ही वाक्ये लिहिताना अडखळलो तर समजायचे की आपल्याला अजून शब्द नको आहे, विषय पुन्हा वाचायचा आहे. तिसरे वाक्य मला पहिल्या प्रयत्नात जमले नव्हते. त्याची किंमत पुढे सांगतो.

कोश यानंतर पाहायचा. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० सालची, आणि त्याच्या परिभाषा कोशांच्या मालिकेत विज्ञानाच्या अनेक शाखा येतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याला तिथले शब्द लागतील, म्हणून ते आपल्याला माहीत हवेतच. पण कोश एका शब्दासमोर शब्द देतो. आपल्याला सूचना लिहायची आहे, आणि सूचनेत तो शब्द प्रमाणाबरोबर, क्रियापदाबरोबर आणि यंत्राच्या भागांबरोबर यावा लागतो.

इनॉक्युलम: शब्दाबरोबर त्याचे कुटुंबही येते

दुसरी पायरी म्हणजे त्या संज्ञेचे सगळे नातेवाईक एका कागदावर लिहून काढणे. इनॉक्युलमबरोबर इनॉक्युलेट करणे, इनॉक्युलमचे प्रमाण, इनॉक्युलमचे वय आणि सीड कल्चर हे शब्द येतात. निवडलेला मराठी शब्द या सगळ्यांना पेलतो का, ते पाहायचे.

माझ्यासमोर तीन उमेदवार होते. निवेशद्रव्य हा शब्द नेमका आहे, पण पहिल्यांदा वाचणाऱ्यापुढे त्यातून चित्र उभे राहत नाही, आणि त्याचे क्रियापद «निवेशित करणे» कोणी बोलत नाही. इनॉक्युलेशनचा वैद्यकातला अर्थ लस टोचणे असा आहे. तो मनात ठेवून «रोपण» किंवा «टोचणे» यांच्या वाटेने गेलो, तर विद्यार्थी लस आणि अवयवरोपण यांच्या गल्लीत शिरतो. तिसरा उमेदवार विरजण. आधीच्या जिवंत वाढीतला थोडा भाग ताज्या द्रवात घालायचा आणि पुढची वाढ त्याने सुरू करायची, हा नेमका अर्थ या शब्दात तयार बसलेला आहे. «विरजण घालणे» हे क्रियापद तोंडात आहे, आणि विरजणाचे प्रमाण, विरजणाचे वय हेही सहज बोलता येते.

विरजणाला मर्यादा दोन आहेत. «आनंदावर विरजण पडले» या प्रयोगात तोच शब्द नासाडी सुचवतो, म्हणून «विरजण पडणे» हे रूप तांत्रिक मजकुरात कुठेही येऊ द्यायचे नाही. नेहमी «घालणे» लिहायचे. दुसरी मर्यादा जास्त खरी आहे. विरजण म्हटले की द्रव घट्ट होणार हे चित्र सोबत येते. जिवाणू आणि यीस्ट यांच्यासाठी एका वाक्यात खुलासा केला की ते चित्र निघून जाते. बुरशीत मात्र इनॉक्युलम म्हणून पुष्कळदा नुसते बीजाणू घालतात, आणि प्राण्यांच्या पेशींच्या संवर्धात तर हा शब्द कानालाच खटकतो. तिथे मी «बीजाणू घालणे», «बीजपेशी सोडणे» असे सरळ लिहितो. एका संज्ञेला सगळीकडे एकच प्रतिशब्द हवा, हा हट्ट इथे नुकसान करतो.

सीड कल्चरसाठी «बीजसंवर्ध» हा वेगळा शब्द ठेवावा. फ्लास्कमध्ये वाढलेला सगळा द्रव हा बीजसंवर्ध, आणि त्यातला जो भाग फर्मेंटरमध्ये गेला ते विरजण. फ्लास्कमध्ये २०० मिलिलिटर बीजसंवर्ध असू शकतो आणि विरजण १५० मिलिलिटर. हे दोन शब्द एक केले की विद्यार्थी अख्खा फ्लास्क ओततो.

आता «५% आकाराचे निवेशद्रव्य». इंग्रजीत इनॉक्युलमच्या प्रमाणाला साइज म्हणतात. त्याचे «आकार» केले की वाचणारा पेशीच्या आकाराचा विचार करू लागतो. «प्रमाण» लिहिले तरी काम अर्धेच होते, कारण ५% कशाचे हे राहतेच. फर्मेंटरमध्ये शेवटी ३ लिटर द्रव हवा असेल, तर त्याचे ५% म्हणजे १५० मिलिलिटर, म्हणजे पोषकद्रव २.८५ लिटर घ्यायचे. कोणी ३ लिटर पोषकद्रवात वर १५० मिलिलिटर घातले, तर प्रमाण साधारण ४.८% होते. वाढीच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक आहे. पण दोन गटांनी दोन अर्थ घेतले की त्यांची आकडेमोड एकमेकांशी जुळत नाही, आणि चूक कुठे आहे ते तासभर सापडत नाही. म्हणून मराठीत सरळ लिहायचे: «एकूण द्रवाच्या ५% विरजण».

बरोबर ओतले का, हे तपासायची सोय याच शब्दांत होते. बीजसंवर्धाची OD600, म्हणजे द्रवाच्या गढूळपणावरून जंतूंची दाटी सांगणारा आकडा, ४ असेल, तर १५० मिलिलिटर घालून ३ लिटर झाल्यावर ती ०.२ च्या आसपास यायला हवी. ०.२६ आली तर पूर्ण फ्लास्क ओतला गेला आहे.

ॲजिटेशन: क्रियेला क्रियापदच द्यावे

इथे तिसरी पायरी उपयोगी पडते: निवडलेला शब्द दुसऱ्या कोणी आधीच घेतला आहे का, ते पाहणे. «आंदोलन» हा शब्द भौतिकशास्त्राने दोलकासाठी घेतला आहे, आणि बाकी सगळ्यांनी मोर्चासाठी. «विलोडन» कोणी घेतलेला नाही, पण तो ऐकून हात कुठल्या बटणाकडे जावा हे कळत नाही. मराठीत ढवळणे आहे, घुसळणे आहे, हलवणे आहे, मिसळणे आहे. चार क्रिया, चार वेगळ्या चाली. इंग्रजी मजकुरात त्यांच्यातली सीमा अनेकदा पुसट असते. मराठीत ती आयती मिळते, तर तिचा फायदा घ्यावा.

फर्मेंटरमध्ये पाती एकाच दिशेने फिरतात, तेव्हा ते ढवळणे. शेकरवर फ्लास्कच फिरतो, पाते नसतेच, तेव्हा ते हलवणे. हा भेद वरवरचा नाही. शेकरचे मिनिटाला २०० फेरे आणि फर्मेंटरच्या पात्याचे मिनिटाला २०० फेरे यांत आकड्याखेरीज काहीच समान नाही. दोन्हीकडे «ॲजिटेशन २०० आरपीएम» छापले की विद्यार्थी शेकरचा आकडा फर्मेंटरला लावतो आणि जंतूंना ऑक्सिजन का पुरत नाही याचे कोडे सोडवत बसतो. «फ्लास्क हलवा» आणि «द्रव ढवळा» असे लिहिले की ही चूक व्हायची जागाच उरत नाही. मिसळणे हा ढवळण्याचा परिणाम आहे. «नीट मिसळले का?» असे विचारता येते, पण «मिसळण्याचा वेग मिनिटाला ४०० फेरे» असे लिहिणे चूक.

इंग्रजीची आणखी एक सवय इथे नडते. तिथे «ॲजिटेशन ४०० आरपीएम» असे नुसते लिहून चालते, मराठीत «ढवळणे ४०० फेरे» होत नाही. वेग हा शब्द घालावाच लागतो: «ढवळण्याचा वेग मिनिटाला ४०० फेरे». तो घातला की आपण काय मोजतो आहोत हे उघड होते, आणि काय मोजत नाही हेही. फेऱ्यांचा आकडा म्हणजे ढवळण्याचा जोर नव्हे. ६ सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ६०० फेरे घेते, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १.९ मीटर असतो. तेवढेच फेरे ६० सेंटिमीटरच्या पात्याने घेतले तर तो सुमारे १९ मीटर होईल. म्हणून मूळ मजकुरात जिथे ढवळण्याच्या तीव्रतेविषयी बोलले आहे, तिथे भाषांतर करणाऱ्याने थांबून पाहायचे: फेरे म्हणायचे आहेत, टोकाचा वेग म्हणायचा आहे, की ढवळायला लागणारी शक्ती? तिन्हींना «ढवळण्याची तीव्रता» म्हणून मोकळे होऊ नये.

यंत्राच्या भागांना मी कामावरून नावे देतो. इंपेलरला «ढवळपाते». टाकीच्या आतल्या भिंतीलगत उभ्या बसवलेल्या बॅफलला «अडपट्टी». तिला «रोधक» म्हटले की विजेच्या मंडलातला रोधक आठवतो, आणि तिचे कामही कळत नाही. अडपट्ट्या नसतील तर सगळा द्रव पात्याबरोबर गोल फिरतो, मधोमध भोवरा पडतो, आणि हवेचे बुडबुडे फुटून टाकीभर पसरण्याऐवजी निसटतात. अडपट्टी त्या फिरण्याला आडवी येते. ही नावे घडवलेली आहेत, त्यामुळे पहिल्या वापरात चित्र किंवा खरा भाग दाखवणे सक्तीचे. एक नाव मात्र टाळा. ढवळण्यासाठी नाम हवे म्हणून «ढवळाढवळ» करू नका. तिचा अर्थ लोकांनी केव्हाच नक्की केला आहे.

डिझॉल्व्ह्ड ऑक्सिजन: मोजमापाला संदर्भ हवा

कष्ट खरे इथे आहेत. पहिली चूक «विद्राव्य ऑक्सिजन» ही. विद्राव्य म्हणजे विरघळू शकणारा. आपल्याला हवा आहे विरघळलेला, आत्ता द्रवात असलेला. मीठ डबीत असतानाही विद्राव्य असते. पाण्यात घातल्यावर ते विरघळलेले होते. एवढ्या एका प्रत्ययाने अर्थ पालटतो, आणि तरी हा शब्द पाठ्यपुस्तकी मजकुरात सर्रास दिसतो.

दुसरी चूक जास्त खोल आहे. स्क्रीनवर DO 30% दिसते. त्याचे «विरघळलेला ऑक्सिजन ३०%» असे भाषांतर केले, तर मराठी वाचणारा स्वाभाविकपणे समजतो की द्रवाचा तीस टक्के भाग ऑक्सिजन आहे. प्रत्यक्षात ३७ अंश सेल्सिअसला हवेने संपृक्त झालेल्या शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, आणि क्षार असलेल्या पोषकद्रवात त्याहून थोडा कमी. स्क्रीनवरचे ३०% म्हणजे त्या ६.७ चे ३०%, जेमतेम २ मिलिग्रॅम. जंतू भरात असताना हा साठा काही सेकंदांत संपू शकतो, म्हणून तर ढवळणे एक क्षण थांबले तरी आकडा कोसळतो. टक्क्यांचा संदर्भ शब्दात आला नाही, तर विद्यार्थ्याला ही घाई कळतच नाही.

माझी चूक द्रवातला ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबच्या अंशशोधनाच्या पानावर झाली. मूळ सूचना अशी होती की विरजण घालण्याआधी द्रव संपृक्त करून प्रोबला १०० लावायचे. संपृक्त कशाने, हे त्या वाक्यात नव्हते. ते मागच्या पानावर होते: हवेने. मी लिहिले, «द्रव ऑक्सिजनने संपृक्त करून १०० लावा.» एका गटाने सिलिंडर जोडून शुद्ध ऑक्सिजन सोडला आणि १०० लावले. त्यांनी सूचना तंतोतंत पाळली होती. नंतर हवा सुरू केली तेव्हा स्क्रीनवर २१ च्या आसपास आकडा आला, कारण हवेत ऑक्सिजन जवळपास २१% असतो. विरजण घालण्याआधीच आकडा ३० च्या खाली. नियंत्रकाने पाती कमाल वेगावर नेली, फेस वर चढला, आणि हवा बाहेर जायच्या वाटेवरचा फिल्टर भिजून तुंबला. एका चुकीच्या शब्दाने एका गटाचा अख्खा दिवस गेला. ते मला आजही लागते.

म्हणून पहिल्या उल्लेखात पूर्ण शब्द लिहायचा: «विरघळलेल्या ऑक्सिजनची पातळी, हवेने संपृक्त द्रवाच्या टक्क्यांत». तो लांब आहे हे मान्य. पुढे «ऑक्सिजनपातळी» पुरते. स्क्रीनवरची अक्षरे DO आहेत, तीही तिथेच एकदा सांगून टाकायची, कारण विद्यार्थ्याला ती वाचूनच काम करायचे आहे. पातळी हा शब्द मी मुद्दाम निवडला आहे. वरून नळ चालू आणि खालून गळती असलेल्या टाकीची पातळी जशी ठरते, तशी ही ठरते: बुडबुड्यांतून ऑक्सिजन द्रवात येतो, जंतू तो घेतात. «ऑक्सिजन शून्य झाला» याचा अर्थ हवा बंद पडली असा नसतो. जेवढा येतो तेवढा लगेच संपतो, एवढाच असतो. उलट ऑक्सिजनपातळीने अचानक वर उसळी घेतली, तर बहुधा जंतूंचे खाद्य संपले आहे आणि त्यांनी ऑक्सिजन घेणे कमी केले आहे. «पातळी» म्हटले की ही दोन्ही वाचने शब्दातूनच निघतात. «विद्राव्य ऑक्सिजन वाढला» यातून निघत नाहीत.

काही इंग्रजी मजकुरांत याच गोष्टीला ऑक्सिजन टेन्शन म्हणतात. तिथे «ताण» लिहू नये. त्याचा अर्थ ऑक्सिजनचा आंशिक दाब. प्रोबला मुळात हा दाबच कळतो, मिलिग्रॅम नाही. म्हणून तापमान बदलले की तीच टक्केवारी वेगळे मिलिग्रॅम सांगते, आणि म्हणून अंशशोधन चालवायच्या तापमानालाच करायचे असते.

परिच्छेद पुन्हा मांडताना

उरलेले दोन शब्द झटपट. vvm म्हणजे दर मिनिटाला, द्रवाच्या जेवढ्यास तेवढी हवा. १ असेल आणि द्रव ३ लिटर असेल, तर मिनिटाला ३ लिटर हवा. खूण स्क्रीनवर आहे तशीच ठेवा, अर्थ लिटरमध्ये द्या. कॅस्केड म्हणजे इथे धबधबा नाही. ऑक्सिजनपातळी घसरली की नियंत्रक आपण होऊन पात्यांचा वेग वाढवतो, त्याची ती रचना. मी तिला «साखळी नियंत्रण» म्हणतो, आणि नावापेक्षा काय होते ते लिहितो. नवा मसुदा असा:

«२.८५ लिटर निर्जंतुक पोषकद्रव ३७ अंशांवर आणा. मिनिटाला ३ लिटर हवा सोडा आणि पात्यांचा वेग कमाल, म्हणजे मिनिटाला ९०० फेरे, ठेवा. आकडा स्थिर झाला की प्रोबला १०० लावा. हे १०० म्हणजे हवेने संपृक्त द्रव. मग वेग ३०० फेऱ्यांवर आणून १५० मिलिलिटर विरजण घाला, म्हणजे एकूण ३ लिटर द्रवात विरजण ५% होईल. ऑक्सिजनपातळी ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. ती घसरू लागली की नियंत्रक ढवळण्याचा वेग ३०० पासून ९०० फेऱ्यांपर्यंत आपोआप वाढवेल.»

मजकूर कितीतरी वाढला, ते होणारच. «राखावा» जाऊन «खाली जाऊ देऊ नका» आले, कारण «३०% वर» याचे दोन अर्थ होत होते. मर्यादा सांगताना मराठीत «खाली नको», «पलीकडे नको» असे लिहिणे सुरक्षित. नेमका आकडा हवा असेल तिथे «बरोबर ३०» लिहावे.

शेवटची पायरी: ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेले नाही अशा विद्यार्थ्याला मसुदा द्यायचा आणि फर्मेंटर सुरू करण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. फ्लास्कमधून किती मिलिलिटर ओतशील? प्रोबला १०० लावताना टाकीत कोणता वायू जात असेल? स्क्रीनवर २२ दिसले आणि पात्यांचा वेग आधीच ९०० असेल, तर काय समजशील? तिसऱ्याचे उत्तर मसुद्यात लिहिलेले नाही. «ढवळून आता आणखी ऑक्सिजन आत जाणार नाही, जंतू येतो त्यापेक्षा जास्त घेत आहेत» असे उत्तर आले, तर पातळी हा शब्द पोहोचला. «प्रोब बिघडला» एवढेच आले, तर मी विद्यार्थ्याला न थांबवता मसुद्याकडे परत जातो, आणि ज्या वाक्यावर त्याचे बोट अडले तिथे खूण करतो.

शब्दसूचीत प्रत्येक संज्ञेपुढे चार रकाने ठेवतो: स्क्रीनवरची खूण, वर्गात वापरायचा शब्द, परीक्षेसाठी कोशातला शब्द, आणि एक पूर्ण वाक्य, एककासह. चौथा रकाना भरता येत नसेल, तर दुसऱ्या रकान्यातला शब्द मी पेन्सिलनेच लिहून ठेवतो.